बोटे मोकळी होतात किती वाजता?

सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असणे ही चाळिशीनंतरची इतकी सर्रास तक्रार आहे की तिच्याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. ‘वय झालं’, ‘गारवा लागला’, ‘काल धुणं जास्त झालं’ असे काहीतरी म्हणून ती बाजूला पडते. संधिवाताचा तज्ज्ञ मात्र या तक्रारीवर एक प्रश्न विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो: आखडलेली बोटे मोकळी व्हायला किती वेळ लागतो? दहा मिनिटे आणि दीड तास यांमधला फरक दुखण्याच्या तीव्रतेचा नसतो. बहुतेक वेळा ते दोन वेगळेच आजार असतात. त्यांची सुरुवात सांध्याच्या वेगवेगळ्या भागांतून होते आणि उपचारही वेगळे असतात.

हा प्रश्न नीट विचारणेही सोपे नाही. ‘दिवसभर दुखतं’ हे आखडण्याचे उत्तर नव्हे. रात्री हात बधिर होऊन मुंग्या येणे ही मनगटात नस दबल्याची खूण असू शकते. एकच बोट अडकून ‘कट’ आवाज करत सुटत असेल तर दोष स्नायूबंधाच्या वेष्टनात असतो. म्हणून जाणता डॉक्टर घड्याळ धरून विचारतो.

नमुन्यादाखल एक घर घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली अंगणवाडी सेविका, वय ४१. घरात तिच्या सासूबाई, वय ६७. दोघींचीही बोटे सकाळी आखडतात, म्हणून दोघी एकाच दिवशी दवाखान्यात आल्या आहेत.

“ताई, उठता किती वाजता?”

“साडेपाचला.”

“आणि मूठ पुरती मिटते कधी?”

“पोरांचे डबे भरेपर्यंत तर नाहीच. कणीक मळायला सासूबाईच बसतात आता. साडेसातच्या पुढं जरा बरं वाटतं.”

म्हणजे दोन तास. सासूबाईंना हाच प्रश्न विचारला तर उत्तर येते, “चूल पेटवेस्तोवर. पण दुपारी जरा टेकलं की परत धरतात, आणि संध्याकाळी निवडटिपण केलं की ठणकतात.” सूनबाईंची बोटे कामाने सुटतात आणि सासूबाईंची कामाने दुखतात. रक्ताचा थेंब न काढता अर्धे निदान इथेच झाले आहे.

सासूबाईंचा आजार तो, ज्याला आपण सांध्याची झीज म्हणतो. वैद्यकात त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो विरळ होत जातो आणि त्याच्या कडेला हाड नव्याने वाढू लागते. विश्रांतीनंतर असा सांधा धरतो, पण थंडीत थिजलेले तूप थोडे ढवळले की सैल व्हावे तसा हालचालीने लवकर सुटतो. हा वेळ सहसा अर्ध्या तासाच्या आतला. ‘झीज’ हा शब्द तसा पुरेसा नाही, कारण हाड नुसते झिजत नाही, वाढतेही. ही वाढ बोटांच्या शेवटच्या पेरावर, नखाच्या लगतच्या सांध्यावर, दोन टणक गाठींच्या रूपाने दिसते. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी त्यांचे वर्णन लिहून ठेवले होते आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८०२ मध्ये ते छापले गेले. आजही त्या ‘हेबर्डनच्या गाठी’ म्हणूनच ओळखल्या जातात. या गाठी आईकडून मुलीकडे येताना दिसतात. हात न झिजवलेल्या बायकांनाही त्या होतात, तेव्हा सगळा दोष धुण्याभांड्यांवर टाकणे बरोबर नाही.

सूनबाईंचा आजार कूर्चेपासून सुरू होत नाही. सांध्याला आतून एक नाजूक अस्तर असते, सायनोव्हियम. निरोगी माणसात त्याचा वरचा पदर एकदोन पेशींइतकाच जाड असतो. सांध्याला वंगण पुरवणारा द्रव तो तयार करतो. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती या अस्तरावरच उलटते. पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात, अस्तर जाड होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, सांध्यात पाणी भरते. पुढे हे फुगलेले अस्तर कडेकडेने हाडात शिरते आणि ते पोखरते. झिजेत हाड कडेला वाढते आणि इथे कडेलाच खाल्ले जाते. क्ष-किरण चित्रात तज्ज्ञ नेमका हाच फरक शोधतो. पण पहिल्या काही महिन्यांत ते चित्र बहुधा स्वच्छच असते, हे लक्षात ठेवायला हवे. ‘एक्स-रे नॉर्मल आला, काही नाही’ असे म्हणून घरी पाठवलेले रुग्ण वर्षभराने वाकडी बोटे घेऊन परत येतात.

आता खरे आश्चर्य. दाह दिवसभर असतो, मग बोटे सकाळीच का आखडतात?

उत्तराचा एक भाग साधा आहे. रात्रभर हात हलत नाही, म्हणून सुजलेल्या अस्तरात आणि भोवतालच्या ऊतींत पाणी साचते. हालचाल सुरू झाली की ते हळूहळू निचरते. पण एवढेच असते तर दुपारच्या झोपेनंतरही तितकाच वेळ लागला असता. दुसरा भाग शरीराच्या घड्याळाचा आहे. दाह पेटवणारी रसायने रक्तात चोवीस तास सारख्या प्रमाणात नसतात. इंटरल्युकिन-६ हे त्यांतले एक महत्त्वाचे; रुमॅटॉइडच्या रुग्णांत ते मध्यरात्रीनंतर चढू लागते आणि पहाटे ते सकाळ या वेळात शिखर गाठते. दाह आवरणारे शरीराचे स्वतःचे संप्रेरक, कॉर्टिसॉल, मध्यरात्रीच्या सुमारास नीचांकी असते, पहाटे वाढू लागते आणि जाग आल्यानंतर सर्वांत वर जाते. म्हणजे आग आधी भडकते आणि पाणी मागून येते. त्यातही या रुग्णांत कॉर्टिसॉलचे प्रमाण साधारण निरोगी माणसाइतकेच आढळते. एवढ्या दाहाला ते जास्त हवे होते. साडेपाच ते साडेसात हे सूनबाईंचे दोन तास या दोन लाटांमधल्या अंतरातले आहेत.

कॉर्टिसॉलचा या आजाराशी असलेला संबंध कळला तो अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मेयो क्लिनिकमध्ये, आणि तोही अगदी वेगळ्या वाटेने. फिलिप हेंच हे तिथले संधिवाताचे डॉक्टर. १९२९ मध्ये त्यांच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि कावीळ असेपर्यंत त्याचे सांधे जवळजवळ दुखेनासे झाले. पुढे असे आणखी रुग्ण त्यांना दिसले. गरोदरपणातही कित्येक स्त्रियांचे सांधे शांत होतात, हेही त्यांनी टिपले. हा आजार उलटवता येत नाही असे सारे मानत असताना हेंच यांनी तर्क केला की शरीरातच तयार होणारा कुठलातरी पदार्थ तो उलटवतो. त्यांचे सहकारी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल मूत्रपिंडावरच्या ग्रंथींच्या सालीतून एकेक संयुग वेगळे करत होते. त्यांतले ‘संयुग ई’ पुरेशा प्रमाणात बनवता येऊ लागायला १९४८ साल उजाडले.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी हेंच यांनी ते २९ वर्षांच्या एका रुग्णाला टोचायला सुरुवात केली, रोज १०० मिलिग्रॅम. तिला अंथरुणातून उठणे कठीण झाले होते. काही दिवसांतच ताठरपणा ओसरू लागला आणि आठवडाभरात ती चालत बाजारात खरेदीला गेली. हेच कॉर्टिसोन. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउस राइखश्टाइन यांना त्यासाठी नोबेल मिळाले. कौतुक ओसरायलाही फार वेळ लागला नाही. त्या मात्रेत चेहरा सुजू लागला, मन बिघडू लागले, हाडे ठिसूळ झाली, आणि औषध थांबवले की सांधे परत पेटले. आग दाबली गेली होती, विझली नव्हती.

या गोष्टीचा पुढचा अध्याय सकाळच्या ताठरपणाशी थेट जोडलेला आहे. स्टिरॉइडची गोळी परंपरेने सकाळी, न्याहारीनंतर देतात. पण दाह पहाटे शिखरावर असेल तर आठची गोळी वेळ टळून गेल्यावर पोहोचते. रुग्णाला रोज रात्री दोनला उठवून गोळी देणे व्यवहारात शक्य नाही. म्हणून जर्मनीत अशी गोळी तयार झाली की ती रात्री दहाला घ्यायची आणि तिच्या आवरणामुळे औषध चार तासांनी, दोनच्या सुमारास सुटते. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिची चाचणी प्रसिद्ध झाली. मात्रा तीच ठेवून फक्त वेळ बदलली, तर बारा आठवड्यांनी सकाळचा ताठरपणा सरासरी सुमारे ४४ मिनिटांनी कमी झाला. नेहमीच्या वेळेची गोळी घेणाऱ्यांमध्ये तसा फरक जवळपास पडलाच नाही. सकाळची बोटे रात्रीच्या घड्याळाला बांधलेली आहेत, याचा याहून सरळ पुरावा मिळणे अवघड.

दवाखान्यात परत येऊ. प्रश्न झाला, आता डॉक्टर हात हातात घेतात.

सासूबाईंच्या गाठी शेवटच्या पेरावर आहेत, हाडासारख्या टणक, आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबले की त्या कळवळतात. सूनबाईंची शेवटची पेरे मोकळी आहेत. सूज आहे ती मधल्या पेरांवर आणि तळहाताला बोटे जिथे फुटतात त्या सांध्यांवर, दोन्ही हातांत. बोटाखाली ही सूज टणक लागत नाही, पिचपिचीत लागते, कारण खाली हाड नाही, फुगलेले अस्तर आणि पाणी आहे. मूठ वळल्यावर उठून दिसणारी उंचवट्यांची रांग बुजली आहे. डॉक्टर चारही बोटांच्या मुळांवर हलकेच आडवा दाब देतात, हस्तांदोलनात देतो तेवढाच. त्या हात ओढून घेतात. ही साधी चाचणी कुठल्याही गावात करता येते आणि मला ती कित्येक महागड्या तपासण्यांपेक्षा मोलाची वाटते.

या नकाशाला अपवाद आहेत. शेवटचे पेरही सुजले आहे, नखांवर बारीक खळगे आहेत, कोपरावर किंवा केसांत खवले आहेत, तर तो सोरायसिसचा संधिवात असू शकतो आणि तोही दाहाचाच. दोन्ही तळवे नमस्काराच्या मुद्रेत पूर्ण टेकत नाहीत, पण सूज नाही, दुखतही नाही, असे असेल तर मधुमेहाकडे पाहावे. जुन्या मधुमेहात बोटांची कातडी आणि ऊती अशाच ताठ होतात.

महाराष्ट्रात आणखी एक सोंग ओळखावे लागते, ते चिकुनगुनियाचे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली होती. २००६ च्या मोठ्या साथीने तर तो घरोघरी माहीत करून दिला. ताप चार दिवसांत उतरतो, पण बोटे, मनगटे, घोटे कित्येक आठवडे, काहींना महिनोन्‌महिने सकाळी धरतात, आणि तेही दोन्ही बाजूंनी. रुमॅटॉइडशी साम्य इतके की फक्त हात पाहून फरक सांगता येत नाही. म्हणूनच डॉक्टर सहा आठवड्यांची रेघ धरतात: विषाणूंमुळे आलेला बराचसा ताठरपणा तोवर उताराला लागतो. सूनबाईंना ताप आलेला नव्हता आणि तक्रार नऊ आठवड्यांची आहे.

मग रक्त. इएसआर आणि सीआरपी या तपासण्या शरीरात दाह आहे एवढेच सांगतात, कुठे आणि का ते सांगत नाहीत. ‘आरए फॅक्टर’ ही तपासणी लोकांना नावाने ठाऊक असते आणि तिच्यावरच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. रुमॅटॉइडच्या दहापैकी साधारण सात रुग्णांत ती सकारात्मक येते. पण उतारवयातल्या काही निरोगी माणसांत, क्षयात, यकृताच्या काही विषाणूजन्य आजारांतही ती सकारात्मक येते. सांधे न सुजता नुसता आकडा वाढलेला असेल तर तो आजार नव्हे. अँटी-सीसीपी ही तपासणी अधिक नेमकी आहे. प्रथिनांमध्ये होणाऱ्या एका विशिष्ट बदलाविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्ये ती शोधते, आणि ही प्रतिद्रव्ये कधी कधी सांधे दुखायच्या कित्येक वर्षे आधीपासून रक्तात असतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये त्यांचा धोका वाढतो.

२०१० मध्ये अमेरिका आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून दहा गुणांची एक पद्धत ठरवली. सहा किंवा जास्त गुण पडले तर रुमॅटॉइड मानायचा. सूनबाईंचा हिशेब असा होतो: दुखरे किंवा सुजलेले लहान सांधे सहा, त्याचे तीन गुण, अँटी-सीसीपी मर्यादेच्या तिपटीहून अधिक, त्याचे तीन, इएसआर वाढलेला, एक, सहा आठवडे उलटले, एक. एकूण आठ. गंमत अशी की सांधे मोजताना बोटांचे शेवटचे पेर आणि अंगठ्याचे मूळ या पद्धतीत धरतच नाहीत, कारण तो झिजेचा मुलूख आहे. सासूबाईंचे दुखरे सांधे या हिशेबात शिरतही नाहीत.

चौकस वाचकाच्या लक्षात आले असेल, की या दहा गुणांत सकाळच्या ताठरपणाला एकही गुण नाही. १९८७ च्या जुन्या निकषांत ‘किमान एक तास’ हा पहिलाच मुद्दा होता. २०१० मध्ये तो गळाला. कारण एकटा ताठरपणा दोन आजार पुरते वेगळे करत नाही. अंगभर दुखणाऱ्या फायब्रोमायल्जियातही माणूस सकाळी दोन तास आखडलेला असतो, आणि झिजेच्या सांध्यात मधूनच दाह उसळला तर तोही अर्ध्या तासाची मर्यादा ओलांडतो. तेव्हा एक तास हा निकाल नाही. तासाच्या पुढे गेलेली बोटे कुणीतरी नीट दाबून पाहावीत, इतकेच तो सांगतो. उलट बाजूही आहे: बाकी सारे हेच असताना अँटी-सीसीपी आणि आरए फॅक्टर दोन्ही नकारात्मक आले असते तर बेरीज पाचवर थांबली असती. तरीही अनुभवी डॉक्टरने बोटाखालच्या सुजेवर विश्वास ठेवून सोनोग्राफी केली असती. त्यात फुगलेले अस्तर आणि त्यातला वाढलेला रक्तप्रवाह दिसतो.

हा आजार किती जणांना होतो? पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. रुमॅटॉइड प्रौढांत साधारण अर्धा टक्का निघाला. झीज आणि नुसती अंगदुखी त्याच्या कित्येक पट. म्हणजे सकाळी बोटे धरणाऱ्या बहुतेकांना हा आजार नसतोच. पण दोनशे प्रौढांच्या वस्तीत एखादे माणूस असते, आणि बहुधा ती स्त्री असते.

उपचारात दोघींच्या वाटा फाटतात. सासूबाईंना शेक, बोटांचे व्यायाम, अंगठ्याला आधार देणारी पट्टी, दुखऱ्या जागी लावायचे मलम आणि गरजेपुरती वेदनाशामक गोळी. कूर्चा परत उगवून आणणारे औषध अजून नाही. सूनबाईंना मात्र वेळ गमावून चालत नाही, कारण हाड पोखरणे पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते आणि गेलेले हाड परत येत नाही. त्यांचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. रक्ताच्या कर्करोगावर जन्मलेले हे औषध इथे फार लहान मात्रेत देतात आणि ते आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायचे असते. भारतात होणारी सर्वांत घातक चूक म्हणजे ते रोज घेणे. तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. म्हणून चिठ्ठीवर वाराचे नाव ठळक लिहितात, ‘फक्त रविवारी’, आणि दुसऱ्या दिवसांसाठी फॉलिक ॲसिड देतात. यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशी यांची तपासणी आधी आणि नंतर ठरावीक अंतराने करावी लागते. दारू टाळावी लागते. गर्भधारणेच्या काळात हे औषध चालत नाही, त्यामुळे एकेचाळिशीच्या बाईशी तो विषय स्पष्टपणे बोलावा लागतो.

मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे जातात. तोवर स्टिरॉइडची लहान मात्रा पूल म्हणून देतात आणि मग उतरवतात. इथे एक धोका आहे. गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइडच मिसळलेले असते. हेंच यांच्या रुग्णासारखाच चमत्कार चार दिवसांत दिसतो, सूज उतरते, तपासण्याही सौम्य येतात, आणि निदान लांबते. वर्षभर अशी पुडी घेऊन आलेल्या माणसाची ती एका दिवसात बंदही करता येत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या ग्रंथींनी कॉर्टिसॉल बनवणे थांबवलेले असते.

औषध लागू पडते आहे का, हे पाहताना डॉक्टर सुजलेले सांधे मोजतात, इएसआर पाहतात आणि पहिल्या भेटीतला तोच प्रश्न पुन्हा विचारतात. सूनबाई चौथ्या महिन्यात सांगतात की उठल्यावर पाऊण तास लागतो आता. डॉक्टर मात्रा वाढवतात, कारण पाऊण तास म्हणजे अस्तर अजून पुरते शांत झालेले नाही. सहाव्या महिन्यात उत्तर येते दहा मिनिटांचे, आणि कणीक पुन्हा त्याच मळतात.